माल अंबडहून सिन्नरला, बिल सुरतच्या पार्टीला: सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की आयजीएसटी?

अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमधून टेम्पो भरतो आणि सिन्नरच्या कारखान्यात रिकामा होतो. मालानं नाशिक जिल्हासुद्धा ओलांडलेला नसतो. तरीही त्या मालाच्या बिलात आयजीएसटीच लावावा लागतो, अशी वेळ नाशिकच्या लघुउद्योजकांवर वारंवार येते. उलटंही होतं. माल पेठचा घाट उतरून गुजरातेत जातो आणि बिलात मात्र सीजीएसटी-एसजीएसटी बरोबर असतो. टेम्पो कुठल्या रस्त्यानं गेला यावरून कर ठरवायची सवय लागली की या दोन्ही ठिकाणी बिल चुकतं.

या लेखात मुख्यतः मालाच्या बिलांबद्दल लिहितोय, आणि त्यातही माल एकाकडे व बिल दुसऱ्याकडे जातं त्या व्यवहारांबद्दल. अकाउंटंट मंडळी याला ‘बिल टू – शिप टू’ म्हणतात. सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

आधी दोन राज्यं कागदावर लिहा

बिलात कुठला कर येणार हे दोन गोष्टींच्या तुलनेवर ठरतं. विकणाऱ्याचं राज्य कोणतं आणि पुरवठ्याचं ठिकाण, म्हणजे बिलातलं ‘प्लेस ऑफ सप्लाय’, कोणत्या राज्यात. दोन्ही एकच राज्य असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे-निम्मे. राज्यं वेगळी असतील तर पूर्ण आयजीएसटी. १८ टक्के दराचा माल असेल तर पहिल्या बाबतीत ९ अधिक ९, दुसऱ्या बाबतीत सरळ १८. गिऱ्हाइकाला रक्कम तेवढीच भरावी लागते, त्यामुळे ‘काय फरक पडतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. फरक पडतो तो गिऱ्हाइकाच्या इनपुट क्रेडिटला, आणि तो पुढे दाखवतो.

या नेहमीच्या तुलनेला एक अपवाद आहे. खरेदीदार सेझमधलं, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातलं, युनिट असेल तर ते महाराष्ट्रातलं का असेना, व्यवहार आंतरराज्यच धरला जातो. तिथे आयजीएसटी लावायचा, नाहीतर एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला हमीपत्र, देऊन कराविना बिल करायचं. सीजीएसटी-एसजीएसटी कधीच नाही.

विकणाऱ्याचं राज्य ठरवणं सोपं. ज्या जीएसटी क्रमांकावर बिल निघतंय त्याचे पहिले दोन अंक बघा. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, मध्य प्रदेशचे २३, कर्नाटकचे २९. सिल्वासा आणि दमणचे २६. वापीच्या शेजारी म्हणून सिल्वासाच्या पार्टीपुढे बिनधास्त ‘गुजरात’ टाकणारे नाशकात कमी नाहीत. कर दोन्हीकडे आयजीएसटीच राहतो, पण पुरवठ्याचं ठिकाण चुकतं ते चुकतंच.

खरेदीदाराचा क्रमांक आला की जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये टाकून बघायची सवय लावून घ्या. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, मुख्य व्यवसायाचा पत्ता कुठला आणि करदात्याचा प्रकार कोणता, हे सगळं एका पानावर दिसतं. सेझ युनिट असेल तर तेही तिथेच कळतं. पार्टीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिजिटिंग कार्डावर विसंबू नका.

पुरवठ्याचं ठिकाण: नियम काय म्हणतो

मालासाठी हे आयजीएसटी कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. सर्वसाधारण नियम असा, की माल हलणार असेल तर खरेदीदाराला देण्यासाठीचा त्याचा प्रवास जिथे संपतो ते पुरवठ्याचं ठिकाण. वाहतूक विकणाऱ्यानं केली, घेणाऱ्यानं केली की ट्रान्सपोर्टवाल्यानं, याला महत्त्व नाही. नाशिकच्या दुकानदारानं पुण्याच्या पार्टीला पुण्यात माल दिला तर २७ आणि २७. वापीच्या पार्टीला वापीत दिला तर २७ आणि २४. रोजची बहुतेक बिलं इतकीच सरळ असतात, तिथे डोकं खपवू नका.

दुसरा नियम आपल्या विषयाचा. तिसऱ्याच कुणाच्या सांगण्यावरून माल भलत्या माणसाकडे पाठवला, तर कायदा असं धरतो की माल त्या सांगणाऱ्यालाच मिळाला, आणि पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे त्या सांगणाऱ्याच्या मुख्य व्यवसायाची जागा. माल प्रत्यक्षात कुठे उतरला हा प्रश्न इथे मागे पडतो. सांगणारा म्हणजे ज्यानं आपल्याला ऑर्डर दिली आणि ज्याच्या नावे आपण बिल करतो तो.

अंबड, सुरत, सिन्नर: एक व्यवहार उकलून

समजा अंबडच्या उद्योजकाचा क्रमांक २७ नं सुरू होतो. सुरतच्या एका व्यापाऱ्यानं, क्रमांक २४ चा, त्याला लोखंडी ट्रॉल्यांची ऑर्डर दिली. किंमत २,४०,००० रुपये, कर १८ टक्के. ऑर्डरमध्ये लिहिलंय, की माल थेट सिन्नरच्या कारखान्यात उतरवा. त्या कारखान्याचा क्रमांक २७ चा. सुरतच्या व्यापाऱ्यानं कारखान्याला याच ट्रॉल्या २,६०,००० रुपयांना विकल्या आहेत.

टेम्पो एकच, फेरी एकच, पण विक्री दोन आहेत आणि बिलंही दोन. ती वेगवेगळी तपासायची.

पहिलं बिल अंबडकडून सुरतला. विकणाऱ्याचं राज्य २७. माल सुरतच्या सांगण्यावरून सिन्नरला गेला, म्हणून दुसरा नियम लागतो आणि पुरवठ्याचं ठिकाण गुजरात, २४. राज्यं वेगळी, म्हणून २,४०,००० वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ४३,२०० रुपये. बिलात ‘बिल टू’ खाली सुरतचा पत्ता, ‘शिप टू’ खाली सिन्नरचा पत्ता आणि पुरवठ्याच्या ठिकाणी ‘गुजरात (२४)’. आंतरराज्य बिलावर पुरवठ्याचं ठिकाण राज्याच्या नावासह लिहिणं नियमानंच बंधनकारक आहे.

दुसरं बिल सुरतकडून सिन्नरच्या कारखान्याला. विकणाऱ्याचं राज्य २४. इथे कारखान्यानं माल स्वतःसाठीच मागवलाय आणि तो सिन्नरलाच उतरला, म्हणजे साधा पहिला नियम. पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र, २७. पुन्हा राज्यं वेगळी, २,६०,००० वर ४६,८०० रुपये आयजीएसटी. सुरतचा व्यापारी पहिल्या बिलाचे ४३,२०० क्रेडिट म्हणून वळते करून घेतो आणि उरलेले ३,६०० भरतो. कारखान्याला ४६,८०० चं क्रेडिट मिळतं. साखळी कुठेही तुटत नाही.

आता अंबडच्या अकाउंटंटनं ‘माल तर सिन्नरलाच गेला’ म्हणून पहिल्या बिलात महाराष्ट्र टाकून २१,६०० अधिक २१,६०० लावले तर काय होतं बघा. सुरतच्या व्यापाऱ्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या क्रेडिटच्या उताऱ्यात, ते बिल येतं, पण ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात. कारणही पोर्टल तिथेच देतं: विकणाऱ्याचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण एक, घेणाऱ्याचं राज्य वेगळं. महाराष्ट्राचा एसजीएसटी गुजरातच्या नोंदणीवर वापरता येत नाही. ४३,२०० रुपये अडकले की सुरतहून फोन येतो, आणि पुढचं पेमेंटही अडतं. चूक कळण्याचा रस्ता बहुतेक वेळा हाच असतो, नोटीस वगैरे नंतरची गोष्ट.

आता हाच व्यवहार उलटा करू. ऑर्डर देणारा सातपूरचा व्यापारी, माल अंबडहून थेट सुरतच्या गिऱ्हाइकाकडे. अंबडचं बिल सातपूरच्या नावे, सांगणारा महाराष्ट्रातला, म्हणून २७ आणि २७: सीजीएसटी-एसजीएसटी. गाडी सीमा ओलांडतेय याचा या बिलाशी संबंध नाही. सातपूरचं बिल सुरतला मात्र आयजीएसटीचं.

ई-वे बिल भरताना

ई-वे बिलाच्या फॉर्मवर चार जागा असतात: बिल कुणाकडून, माल कुठून निघाला, बिल कुणाला, माल कुठे उतरणार. व्यवहाराच्या प्रकारात ‘बिल टू – शिप टू’ निवडलं तर बिल सुरतच्या नावे आणि उतरण्याचा पत्ता सिन्नरचा असं भरता येतं. करही बिलाच्या दोन टोकांवरून ठरतो, गाडीच्या दोन टोकांवरून नाही. रस्त्यात गाडी अडवली आणि ‘नाशिकहून सिन्नर, मग आयजीएसटी कसा?’ असं विचारलं, तर बिलाबरोबर सुरतच्या ऑर्डरची प्रत ड्रायव्हरकडे असलेली बरी.

एका फेरीला ई-वे बिल एकच पुरतं. ते अंबडवाल्यानं काढावं किंवा सुरतवाल्यानं, दोन्ही चालतं, असं अर्थ मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. व्यापारी बहुधा स्वतःच काढतो, कारण अंबडचं बिल गाडीबरोबर गेलं तर कारखान्याला त्याची खरेदी किंमत दिसते. वीस हजारांचं मार्जिन कोण उघडं करील?

इथे उत्तर फिरतं

वरच्या उदाहरणात एखादी बारीक गोष्ट बदलली तरी कर बदलतो.

पहिली, ऑर्डर कुठल्या क्रमांकावरून आली. समजा सुरतच्या कंपनीची भिवंडीतही नोंदणी आहे. लेटरहेड सुरतचं, सहीशिक्के सुरतचे, पण ऑर्डरवर छापलेला क्रमांक २७ चा. बिल त्या २७ च्या क्रमांकावर आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीच्या पत्त्यावर करायचं असेल, तर व्यवहार राज्यांतर्गत होतो. अशा वेळी लेटरहेडवरून अंदाज बांधू नका. ‘बिल कुठल्या जीएसटी क्रमांकावर करू?’ हे मेलवर विचारा आणि उत्तर ऑर्डरला जोडून ठेवा. पुढे क्रेडिटवरून वाद निघाला तर हाच कागद कामाला येतो.

दुसरी गोष्ट नाशिकच्या फॅब्रिकेटरांसाठी महत्त्वाची. ट्रॉल्यांऐवजी गोदामाचे रॅक असते आणि ऑर्डरमध्ये ‘सिन्नरला साइटवर जोडून, बसवून द्या’ असं असतं, तर वेगळाच नियम लागला असता. साइटवर जोडल्या-बसवल्या जाणाऱ्या मालासाठी पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे बसवण्याची जागा. मग सुरतच्या नावानं केलेल्या बिलातही पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र येतं आणि सीजीएसटी-एसजीएसटी लावावा लागतो. काम इमारतीशी कायमचं जोडलेलं, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्टमध्ये बसणारं असलं, तरी ठिकाण त्या स्थावर मालमत्तेचंच. सुरतच्या व्यापाऱ्याची महाराष्ट्रात नोंदणी नसेल तर हे क्रेडिट त्याला मिळत नाही, आणि इथे अंबडवाल्याचं काही चुकलेलं नाही. त्यामुळे बसवण्याचं काम आपल्याकडे असेल तर भाव ठरवतानाच पार्टीला हे सांगून टाकावं. बिल गेल्यावर सांगितलं तर ‘आयजीएसटीचं बदलून द्या’ म्हणून गळ घालतात, आणि तसं बदलून देणं चुकीचं आहे.

तिसरी, घेणारा स्वतः गाडी घेऊन आला तर. वापीची नोंदणीकृत पार्टी अंबडच्या गेटवर टेम्पो लावते आणि माल भरून नेते. ‘माल आम्ही गेटवरच दिला’ म्हणून काहीजण सीजीएसटी-एसजीएसटी लावतात. पण वाहतूक कुणी केली हे कायदा बघत नाही, हे वर आलंच आहे. माल वापीला जाण्यासाठीच निघालाय आणि प्रवास तिथेच संपतोय, म्हणून माझ्या मते इथे आयजीएसटीच. ई-वे बिलावर वापीचा पत्ता असू द्या, म्हणजे बिल आणि वाहतूक एकमेकांशी जुळतात.

नोंदणी नसलेला गिऱ्हाईक

इथे १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदललाय आणि जुन्या सवयीनं अजून बिलं निघताना दिसतात. मेन रोडवरच्या दुकानात सुरतचा पर्यटक पैठणी घेतो. त्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही. आता पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे बिलावर लिहिलेला त्याचा पत्ता. पूर्ण पत्ता नसला आणि नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता धरला जातो. काहीच लिहिलं नाही तर दुकानाची जागा, म्हणजे महाराष्ट्र. तेव्हा बिलावर ‘सुरत, गुजरात’ लिहून खाली सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला असेल तर ते बिल स्वतःशीच भांडतंय.

ऑनलाइन ऑर्डरमध्ये पैसे देणारा नाशिकचा आणि माल इंदूरच्या बहिणीला पाठवायचा, असं असेल तर? नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकासाठी माल पोचवण्याचा पत्ताच पुरवठ्याचं ठिकाण धरावा आणि बिलावरही तोच नोंदवावा, असं जून २०२४ च्या परिपत्रकात सांगितलंय. म्हणजे मध्य प्रदेश, आयजीएसटी. नोंदणीकृत खरेदीदाराच्या ‘बिल टू – शिप टू’च्या नेमकं उलट. हा फरक अकाउंटंटच्या टेबलावर चिकटवून ठेवण्यासारखा आहे.

सेवांचे नियम वेगळ्या कलमात आहेत, त्यात शिरत नाही. एवढंच, की बहुतेक सेवांमध्ये नोंदणीकृत गिऱ्हाइकाचं राज्य बघतात, पण हॉटेलातल्या मुक्कामासाठी हॉटेल जिथे आहे ते राज्य. म्हणून वापीच्या कंपनीचा इंजिनिअर नाशकात राहिला तर हॉटेलचं बिल सीजीएसटी-एसजीएसटीचंच येणार, कंपनीनं २४ चा क्रमांक दिला तरी.

महिनाअखेरची तपासणी

जीएसटीआर-१ भरण्याआधी विक्रीची यादी एक्सेलमध्ये काढा. A स्तंभात आपला क्रमांक, पुढच्यात पुरवठ्याच्या ठिकाणाचा दोन अंकी कोड, आणि तिसऱ्यात हे सूत्र:

```
=IF(LEFT(A2,2)=B2,"CGST+SGST","IGST")
```

सूत्राचं उत्तर बिलात लावलेल्या कराशी जुळतंय का ते बघायचं. एक काळजी घ्या. कोडचा स्तंभ टेक्स्ट प्रकारचा ठेवा, आकड्याचा नको. आकडा ठेवला तर राजस्थानचा ०८ नुसता ८ होतो, आणि २७ सुद्धा टेक्स्टशी जुळत नाही, त्यामुळे सगळीच बिलं आयजीएसटीची दिसू लागतात. सेझची बिलं या यादीतून आधीच बाजूला काढा.

हे सूत्र फक्त कर आणि कोड जुळतात का एवढं सांगतं. कोडच चुकीचा टाकला असेल तर ते गप्प बसेल, आणि पोर्टलही गप्प बसेल, कारण तेही टाकलेल्या ठिकाणावरूनच कराचे रकाने उघडतं. म्हणून ‘बिल टू’ आणि ‘शिप टू’ची राज्यं वेगळी असलेली बिलं वेगळी काढून ती ऑर्डरशी हातानं ताडून बघा. महिन्याला अशी थोडीच असतात.

चुकलंच तर

चूक कळली तेव्हा बिल कुठवर पोचलंय, त्यावर उपाय ठरतो. ई-इन्व्हॉइस लागू असेल, म्हणजे उलाढाल ५ कोटींवर गेलेली असेल, तर आयआरएन, म्हणजे पोर्टलवरून बिलाला मिळालेला नोंदणी क्रमांक, २४ तासांच्या आत रद्द करता येतो. ते करून नव्या नंबरचं बरोबर बिल काढा. जुना बिल नंबर पुन्हा वापरू नका, आयआरएन मिळत नाही. २४ तास उलटले असतील तर क्रेडिट नोट काढून नवं बिल देणं हा नेहमीचा मार्ग. त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या तारखेची मर्यादा आहे.

कर चुकीच्या खात्यात भरूनही झाला असेल, तर कायद्यात त्याची वेगळी सोय आहे. अंबडच्या उदाहरणात २१,६०० अधिक २१,६०० भरले गेले असतील तर आधी ४३,२०० आयजीएसटी भरायचा आणि मग चुकून भरलेल्या दोन्ही रकमांचा परतावा आरएफडी-०१ फॉर्मवर मागायचा. आयजीएसटी भरल्याच्या तारखेपासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. उशिरा भरला म्हणून या रकमेवर व्याज लागत नाही, आणि चूक खात्यानं दाखवली की आपणच शोधली यानं परताव्याच्या हक्कात फरक पडत नाही. हे सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकानं मोकळं केलंय. मात्र क्रेडिट नोट काढून कर आधीच वळता केला असेल तर त्याच रकमेचा परतावा पुन्हा मागता येत नाही. त्यामुळे सुरतच्या पार्टीशी बोलून दोन्हींपैकी कुठला रस्ता धरायचा ते आधी ठरवा, आणि ती दोन वर्षं मोजण्यासाठी आयजीएसटी भरल्याचं चलन अर्जाच्या फाइलला लावून ठेवा.